दिव्यांगत्व 40 टक्क्यांच्या खाली असलं तरी लेखनिक मागता येतो: दहावीसाठी काय, कधी, कुणाकडे

प्रश्न: "मुलगी नववीत आहे, राज्य मंडळ. लिहिताना हात आखडतो, पेपर कधीच पुरा होत नाही. खाजगी डॉक्टरांनी डिसग्राफिया असं लिहून दिलंय. शाळा म्हणते, 40 टक्के दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट असेल तरच लेखनिक. आता कुणाकडे जायचं?"

शाळेचं हे म्हणणं आता टिकत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 17 मध्ये परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक देण्याची तरतूद आहे आणि तिथे 40 टक्क्यांची अट घातलेली नाही. अशीच हाताची तक्रार असलेल्या एका उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला होता. 11 फेब्रुवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार प्रकरणात सांगितलं की लेखनिकाची सोय फक्त 40 टक्केवाल्यांपुरती ठेवता येणार नाही. त्यानंतर 10 ऑगस्ट 2022 ला केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने 40 टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असलेल्या, पण लिहायला अडचण येणाऱ्या उमेदवारांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. मुख्याध्यापकांना द्यायच्या अर्जात ही तारीख आणि कलम 17 दोन्ही लिहा. तोंडी वाद घालत बसू नका.

खाजगी डॉक्टरांचा कागद मात्र मंडळात चालणार नाही. त्याचा उपयोग पुढच्या तपासणीत पार्श्वभूमी म्हणून होतो, त्यामुळे तो आणि मुलीच्या दोन-तीन चाचण्यांच्या उत्तरपत्रिका जपून ठेवा. पहिल्या पानावरचं अक्षर आणि शेवटच्या पानावरचं अक्षर यातला फरक डॉक्टरांना लगेच दिसतो.

इथून दोन वाटा आहेत. अडचण शिकण्यातली असेल, म्हणजे शब्द चुकतात, अक्षरं उलटसुलट होतात, तर विशिष्ट अध्ययन अक्षमतेची तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा अधिकृत केलेल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात होते. स्वावलंबन पोर्टलवर (swavlambancard.gov.in) अर्ज केला की तारीख मिळते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेची चाचणी वापरतात, आणि त्यात बसलं तर प्रमाणपत्र आणि यूडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखपत्र मिळतं. एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही: लहानपणी काढलेल्या प्रमाणपत्राची 14 व्या वर्षी आणि पुन्हा 18 व्या वर्षी फेरतपासणी असते. तिसरी-चौथीत काढलेला कागद दहावीच्या तोंडावर निकामी ठरतो तो यामुळेच.

अडचण हाताची असेल किंवा टक्केवारी 40 च्या खाली आली, तर दुसरी वाट. 2022 च्या तत्त्वांसोबत प्रमाणपत्राचा नमुना दिलेला आहे. त्यावर जिल्हा शल्य चिकित्सक किंवा मुख्य वैद्यकीय अधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीची सही लागते, एकट्या डॉक्टरची नाही. हा नमुना छापून बरोबर घेऊन जा, कारण नेहमीच्या दिव्यांग प्रमाणपत्राच्या खिडकीवर तो बहुतेक वेळा नसतो. आणि त्याची मुदत जास्तीत जास्त 6 महिने असते. जूनमध्ये काढलात तर डिसेंबरमध्ये संपेल आणि फेब्रुवारी-मार्चच्या लेखी परीक्षेला उपयोग नाही. म्हणून तपासण्या आणि रिपोर्ट नववीच्या उन्हाळ्यात उरकून ठेवा, पण सहीचं प्रमाणपत्र दहावीच्या ऑक्टोबरमध्ये, परीक्षेचे फॉर्म भरायच्या सुमारास घ्या.

आता मागायचं काय, तेही आधी ठरवा. लेखनिक सगळ्यांना सोयीचा पडतोच असं नाही. घरी विज्ञान भाग 1 चा 40 गुणांचा, दोन तासांचा पेपर लावा आणि 120 मिनिटं झाली की ती कुठे थांबली तिथे खूण करा. समजा 26 गुणांचं लिहून झालं. तासाला 20 मिनिटं या हिशेबाने दोन तासांना 40 मिनिटं जादा मिळतात. त्याच वेगाने 160 मिनिटांत जेमतेम 34-35 गुणांचं होईल, आणि शेवटी हात दमल्यामुळे वेग तेवढा राहणारच नाही. म्हणजे नुसता वेळ पुरत नाही, लेखनिक हवा. तेच 31-32 गुणांचं लिहून होत असेल आणि अक्षर वाचता येत असेल, तर मी जादा वेळच मागेन. स्वतः लिहिलेलं उत्तर नेहमी नेमकं येतं. भाषेच्या तीन तासांच्या पेपरला एक तास जादा. दोन्ही सोयी एकत्रही मागता येतात, पण अर्जात दोन्ही वेगवेगळ्या ओळीत लिहा. "सवलत मिळावी" एवढं मोघम लिहिलं की मंजुरीपत्रात एकच येते.

अर्ज मुख्याध्यापकांकडे द्यायचा, शाळा तो प्रस्ताव म्हणून मंडळाच्या विभागीय सचिवांकडे पाठवते. सोबत वैद्यकीय प्रमाणपत्र, पालकांचं संमतीपत्र, आणि लेखनिकाचा फोटो, त्याच्या शाळेचं बोनाफाइड व त्याच्या पालकांचं पत्र जोडा. दहावीसाठी लेखनिक एक इयत्ता खालचा, म्हणजे नववीचा लागतो. राखीव म्हणून दुसऱ्या मुलाचेही कागद आत्ताच तयार ठेवा; परीक्षेच्या आदल्या रात्री ताप आला तर धावपळ होत नाही. अर्जातच वेगळी खोली मागा, कारण मुलगी मोठ्याने सांगणार आणि बाकीच्यांना त्रास होणार. ऑनलाइन फॉर्म भरताना दिव्यांगत्वाचा रकाना भरलाय का, ते स्वतः डोळ्यांनी पाहा. तिथे "नाही" राहिलं तर पुढचं सगळं अडतं. प्रस्तावाच्या प्रतीवर शाळेचा आवक शिक्का आणि तारीख घ्या.

लेखनिकाबरोबर किमान पाच-सहा पूर्ण पेपरांचा सराव हवा. सांगून लिहवणं हे वेगळंच काम आहे. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षर तिने सांगायचं, इंग्रजीत अवघड शब्दाचं स्पेलिंग. भूमितीत "वर्तुळ काढ" पुरत नाही, "कंपासमध्ये 3.2 सेंटिमीटर घे, केंद्रबिंदूवर टोक ठेव, पूर्ण फिरव" असं पायरीपायरीने बोलावं लागतं. लेखनिकाने स्वतःहून काही केलं तर पर्यवेक्षक हरकत घेऊ शकतो, आणि ते बरोबरही आहे.

सर्वात जास्त घोळ केंद्रावर होतो. 2021 च्या नीट परीक्षेत डिसग्राफिया असलेल्या विद्यार्थिनीला हक्काचा जादा तास परीक्षा केंद्राने दिलाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्याच नोव्हेंबरमध्ये अवनी प्रकाश प्रकरणात ही चूक मान्य केली, पण तिच्यासाठी फेरपरीक्षा घ्यायला सांगितली नाही. गेलेला तास नंतर परत मिळत नाही तो असा. म्हणून मंजुरीपत्राच्या तीन प्रती काढा आणि परीक्षेच्या दोन दिवस आधी केंद्र संचालकांना भेटून एक प्रत द्या. जादा वेळ धरून पेपर किती वाजता संपेल, ते त्याच प्रतीवर त्यांच्याकडून लिहून घ्या. पेपरच्या दिवशी एक प्रत मुलीजवळ ठेवा.

प्रस्ताव शाळेतच अडकला तर जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि विभागीय मंडळात शिक्क्याची प्रत घेऊन स्वतः जा. तरीही लेखी नकार आला, तर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. शाळा फक्त तोंडी "नाही" म्हणत असेल, तर आधी तेच कागदावर मागा. नकार लेखी द्यायची वेळ आली की पुष्कळदा प्रस्ताव पुढे जातो.