अर्भक मृत्युदर: नोंदवहीतला आणि सर्वेक्षणातला

प्रश्न: मराठवाड्यातल्या एका तालुक्याचा अर्भक मृत्युदर जन्म-मृत्यू नोंदणीवरून काढला तर हजार जन्मांमागे ९ च्या आसपास येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मात्र महाराष्ट्राचा आकडा २३ आहे. एवढा फरक कशामुळे? आणि धरायचा कोणता?

उत्तर: तालुक्यासाठी ९ धरू नका. नोंदणी ज्या गावात घटना घडली तिथे होते, आईबाप राहतात त्या गावात नाही. सर्वेक्षण मात्र घरी जाऊन आईला विचारतं. अर्ध्याहून जास्त फरक एवढ्यातच असू शकतो.

समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. तालुक्यातल्या रहिवासी बायकांची वर्षाला १,००० बाळंतपणं झाली आणि २४ बाळं वर्षाच्या आत गेली. म्हणजे खरा दर २४. यातली ३०० बाळंतपणं छत्रपती संभाजीनगरला, मोठ्या दवाखान्यांत झाली. उरलेल्या ७०० पैकी ६८० तालुक्यात नोंदली गेली. २४ मृत्यूंपैकी १२ शहरात झाले, कारण कमी वजनाचं किंवा श्वास न घेणारं बाळ तिकडेच पाठवतात. ते शहराच्या नोंदवहीत गेले. उरलेल्या १२ पैकी ६ कुठेच नोंदले गेले नाहीत. तालुक्याच्या वहीत राहिलं काय? ६ मृत्यू, ६८० जन्म, दर ८.८. आता शहरातल्या नोंदी परत तालुक्याच्या खात्यात आणल्या तर १८ मृत्यू, ९८० जन्म, दर १८.४. म्हणजे १५ पैकी जवळजवळ १० चा फरक केवळ जागेचा होता. उरलेला न नोंदलेल्या मृत्यूंचा. सगळ्या राज्याची बेरीज केली की जागेचा फरक बहुतेक मिटतो, न नोंदलेल्यांचा मात्र मिटत नाही.

हे मृत्यू सुटतात कसे? जन्माचा दाखला शाळेला, आधारला लागतो. चार दिवसांच्या बाळाच्या मृत्यूचा दाखला कुणालाच लागत नाही, ना वारसाहक्काला ना विम्याला. नोंद द्यायला २१ दिवस असतात. बाळ त्याआधीच गेलं की जन्म आणि मृत्यू, दोन्ही राहून जातात. शिवाय लहान बाळाला पुरतात, अनेकदा स्वतःच्याच शेतात, त्यामुळे स्मशानातूनही काही कळत नाही. थोडा वेळ जगलेलं बाळ मृतजन्म म्हणून लिहिलं गेलं तर ते अर्भक मृत्यूत येतच नाही, कारण मृतजन्माच्या नोंदीचा अर्ज वेगळा असतो. बीडकडचे ऊसतोड मजूर हंगामात पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात असतात. तिथल्या फडावर झालेला मृत्यू गावच्या वहीत येणं अवघडच.

सर्वेक्षणालाही मर्यादा आहेत. २०१९-२१ च्या फेरीतला २३.२ हा आकडा मागच्या पाच वर्षांचा एकत्रित आहे, एका वर्षाचा नाही. कुलूपबंद घरातली मजूर आई त्यातही सुटते, आणि जी आई हयात नाही तिचं बाळही. घरोघरी सतत नोंद ठेवणाऱ्या नमुना नोंदणी पद्धतीचा महाराष्ट्राचा २०२० चा आकडा १६ आहे. तिथे गावातला गणक वर्षभर घटना लिहितो, दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस स्वतंत्रपणे विचारतो आणि न जुळलेल्या नोंदी पुन्हा घरी जाऊन तपासतात. राज्यासाठी मी हाच आकडा जास्त भरवशाचा मानतो. तालुका सोडाच, जिल्ह्यासाठीही नमुना पुरत नाही. ३,००० जन्मांवर दर २५ आला तरी खरा दर साधारण १९ ते ३१ च्या मध्ये कुठेही असू शकतो, आणि सर्वेक्षणात घरं सुटी न निवडता गावागावांच्या गटांतून निवडतात, त्यामुळे ही मर्यादा आणखी रुंदावते.

तुमच्या तालुक्याची वही तपासायची तर आधी मृत्यूंची वयं पाहा. २०२० मध्ये राज्याच्या १६ पैकी ११ मृत्यू पहिल्या २८ दिवसांतले होते, म्हणजे साधारण दोन तृतीयांश. तुमच्या वहीत २८ दिवसांच्या आतले मृत्यू चौथा-पाचवा हिस्साच असतील, तर नवजातांचे मृत्यू एकतर शहरात नोंदले गेलेत किंवा सुटलेत. कुठलं खरं ते पुढच्या पायरीत कळतं. जन्माच्या नोंदणी अर्जात आईचं आणि मृत्यूच्या अर्जात मयताचं राहण्याचं गाव लिहिलेलं असतं. शहराच्या नोंदींतून तुमच्या तालुक्याच्या गावांच्या नोंदी वेगळ्या काढायला सांगा. हा रकाना कोरा सोडण्याची किंवा दवाखान्याचाच पत्ता टाकण्याची सवय फार आहे, त्यामुळे आईच्या माहेरचा पत्ता लिहिला आहे का तेही बघा. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि बाळ सासरच्या गावाचं धरायचं की माहेरच्या, हे आधीच ठरवलं नाही तर अंश एका तालुक्यातून आणि छेद दुसऱ्यातून येईल.

त्यानंतर आशाताईंच्या घरभेटींची यादी घ्या. त्या बाळंतिणीकडे ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात. यादीत 'बाळ दगावले' असं लिहिलेली नावं नोंदवहीत शोधा. आईचं नाव, गाव आणि बाळंतपणाची तारीख, या तिन्हींवरून जुळवा, कारण बाळाचं नाव तोवर ठेवलेलं नसतं. जी जुळत नाहीत तेवढे मृत्यू तुमच्या वहीत नाहीत.