स्प्रेडची परवानगी मागताना ब्रोकरला काय लिहावं?

अमेरिकेत नोकरीला लागलेल्या मराठी मुलामुलींचे या महिन्यात बरेच मेल आले आणि बहुतेकांचा विषय एकच होता: ऑप्शन्सचे स्प्रेड, म्हणजे एक ऑप्शन विकून सोबत दुसरा विकत घ्यायचे सौदे, करायची परवानगी. मी काही वर्षं एका ब्रोकरकडे असे अर्ज तपासायच्या कामावर होतो. त्या टेबलाच्या पलीकडून काय दिसतं, ते धरूनच उत्तरं देतोय.

मी २६ वर्षांचा, डॅलसला सॉफ्टवेअर इंजिनिअर. स्प्रेडसाठी फॉर्म भरला आणि दोन मिनिटांत ‘मंजूर नाही’ असा मेल आला. एखाद्या माणसाला पत्र लिहून उपयोग होतो का?

होतो, पण आधी फॉर्म उघडून बघा. दोन मिनिटांत नकार आला म्हणजे तो बहुधा सॉफ्टवेअरने दिलाय, आणि सॉफ्टवेअर फक्त रकाने जुळतात का एवढंच बघतं. माझ्याकडे फेटाळलेले जे अर्ज यायचे, त्यांत दोन गोष्टी फार वेळा आढळायच्या. एक, गुंतवणुकीचा उद्देश ‘भांडवल जपणं’ असा निवडलेला आणि खाली मागणी स्प्रेडची. दोन, खातं साधं रोखीचं. स्प्रेडमध्ये तुम्ही एक ऑप्शन विकत असता, म्हणून साधारणपणे मार्जिन खातं, म्हणजे ब्रोकरकडून उधार घेता येणारं खातं, लागतं आणि त्यात किमान २,००० डॉलर असावे लागतात. या दोन्हींतलं काही अडलं असेल तर पत्राने ते सुटणार नाही.

रकाने बरोबर असतील तर पत्र जरूर लिहा. अमेरिकेतल्या ब्रोकरांवर देखरेख ठेवणाऱ्या फिन्रा या संस्थेच्या २३६० क्रमांकाच्या नियमाप्रमाणे ब्रोकरला तुमचं वय, नोकरी, उत्पन्न, एकूण मालमत्ता, त्यातली सहज मोकळी होणारी रक्कम, अवलंबून असणारी माणसं, अनुभव आणि ज्ञान हे सगळं जाणून घ्यावं लागतं. त्यानंतर ऑप्शन्सची परीक्षा दिलेल्या एका जबाबदार अधिकाऱ्याने खातं मंजूर किंवा नामंजूर केल्याची लेखी नोंद ठेवावी लागते. तुमचं पत्र त्या अधिकाऱ्यासाठी आहे. आणखी एक: ‘लेव्हल ३ द्या’ असं मोघम लिहू नका. परवानगीच्या पातळ्यांचे आकडे प्रत्येक ब्रोकरचे वेगळे असतात. ‘व्हर्टिकल स्प्रेड करायचे आहेत, उघडे ऑप्शन विकायचे नाहीत’ असं स्पष्ट लिहा.

मी डेट्रॉइटजवळ गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, वय २५. माझा मसुदा असा: ‘माझं मास्टर्स झालं आहे, गणित पक्कं आहे, ब्लॅक-शोल्सचं सूत्र पायथॉनमध्ये लिहिलं आहे. स्प्रेडमध्ये तोटा मर्यादित असतो हे मला ठाऊक आहे.’ काका, यात काय कमी आहे?

तुमचं शेवटचं वाक्यच अधिकाऱ्याला थांबवणार. तोटा मर्यादित असतो हे खरं, पण कधीपर्यंत? तिथेच तुमची खरी परीक्षा आहे.

एक सौदा घेऊ. शेअर १०० डॉलरवर आहे. तुम्ही ९५ चा पुट, म्हणजे शेअर ९५ ला विकायचा हक्क, २.१० ला विकला आणि त्याच तारखेचा ९० चा पुट ०.९० ला घेतला. हातात आले १.२०, म्हणजे शंभर शेअरच्या एका कॉन्ट्रॅक्टवर १२० डॉलर. दोन स्ट्राइकमधलं अंतर ५ डॉलर, त्यातून १.२० वजा केले की जास्तीत जास्त तोटा ३८० डॉलर. ना नफा ना तोटा अशी पातळी ९३.८०. इथपर्यंत सगळेच लिहितात.

आता एक्स्पायरीचा शुक्रवार. शेअर ९३ वर बंद झाला. तुमचा ९० चा पुट निरुपयोगी ठरून संपला. ९५ चा मात्र समोरच्याच्या फायद्यात आहे. एखादा ऑप्शन एक सेंटने जरी फायद्यात असला तरी, धारकाने उलट सांगितलं नाही तर, क्लिअरिंगची संस्था ओसीसी तो आपोआप वापरला गेल्याचं धरते. म्हणजे शंभर शेअर ९५ ने तुमच्या गळ्यात आले, किंमत ९,५०० डॉलर. त्या संध्याकाळी कागदावर तोटा फक्त ८० डॉलर दिसतो. पण आता हातात स्प्रेड उरलेला नाही, नुसते शेअर आहेत, आणि खालून आधार देणारा ९० चा पुट गेलाय. सोमवारी शेअर ८६ वर उघडला तर शेअरवर ९०० गेले, मिळालेले १२० वजा केले तरी ७८० डॉलरचा तोटा. ‘कमाल तोटा ३८०’ म्हणणाऱ्याच्या दुपटीहून जास्त. वर ९,५०० खात्यात नसतील तर मार्जिन कॉल वेगळाच.

भाव ९५ च्या अगदी जवळ असेल तर आणखी एक अडचण. शेअरबाजार न्यूयॉर्कच्या वेळेनुसार दुपारी ४ ला बंद होतो, पण पुटचा धारक ५:३० पर्यंत आपला निर्णय ब्रोकरला कळवू शकतो. शेअर ९५.१० वर बंद झाला म्हणून तुम्ही निर्धास्त, आणि पावणेपाचला कंपनीची वाईट बातमी आली. धारक पुट वापरून मोकळा होतो आणि तुम्हाला ते नंतर कळतं. म्हणूनच बरेच ब्रोकर एक्स्पायरीच्या दिवशी दुपारी असे धोक्यातले स्प्रेड स्वतःच बंद करून टाकतात, मिळेल त्या भावाला.

हे सगळं तुमच्या पायथॉनच्या प्रोग्रॅममध्ये नाही. ब्लॅक-शोल्सचं मूळ सूत्र युरोपियन ऑप्शनचं, म्हणजे शेवटच्या दिवशीच वापरता येणाऱ्या ऑप्शनचं आहे. अमेरिकेत शेअरवरचे ऑप्शन मुदतीआधी कधीही वापरता येतात. कॉल विकलेल्या स्प्रेडमध्ये हे डिव्हिडंडच्या आदल्या दिवशी बोचतं: समोरचा कॉल वापरून शेअर उचलतो, तुम्ही शॉर्ट होता आणि तो डिव्हिडंड तुमच्या खिशातून जातो.

तुम्ही दुसऱ्या मेलमध्ये स्टेटमेंटचे आकडे दिलेत, ते सोन्यासारखे आहेत. ते पत्रात का नव्हते? त्यांवरून असं लिहिता येईल (प्रत्यक्षात इंग्रजीत जाईल, इथे मराठीत देतो):

‘गेल्या १४ महिन्यांत मी याच खात्यात ११ कव्हर्ड कॉल विकले. त्यांपैकी दोनदा माझे शेअर उचलले गेले. ६ पुट विकत घेतले. त्यांतले चार शून्यावर संपले आणि ६४० डॉलर गेले. खऱ्या पैशाने स्प्रेड अजून एकही केलेला नाही. सरावाच्या खात्यात चार महिने केले आहेत. मला व्हर्टिकल स्प्रेडची परवानगी हवी आहे. एका वेळी एकच कॉन्ट्रॅक्ट, ५ डॉलर रुंदीपर्यंत. विकलेला पुट मुदतीआधी माझ्यावर आला तर शंभर शेअर घ्यावे लागतील, हे मला माहीत आहे. त्यासाठी १०,००० डॉलर खात्यात मोकळे ठेवतो. एक्स्पायरीच्या आदल्या दिवशी विकलेला स्ट्राइक भावाच्या जवळ असेल तर दोन्ही बाजू एकत्र बंद करीन.’

यात पदवी नाही, तरीही हे इंजिनिअरनेच लिहिलेलं वाटतं. प्रत्येक वाक्य अधिकारी आपल्या स्क्रीनवर पडताळू शकतो. ६४० डॉलर गेल्याचं लपवू नका. विकत घेतलेला ऑप्शन शून्यावर जाताना पाहिलेला माणूस आणि फक्त पुस्तकात वाचलेला माणूस, यांतला फरक त्या वाक्यातून लगेच दिसतो.

माझा रूममेट म्हणतो, अनुभवाच्या रकान्यात ‘५ वर्षं’ टाक, लगेच मंजूर होतं. खरंच कोण तपासतं?

असं करू नका. माझ्यासमोर एक अर्ज आला होता: वय २२, ऑप्शन्सचा अनुभव पाच वर्षं, खात्यातले सौदे शून्य. म्हणजे सतराव्या वर्षापासून, जेव्हा स्वतःच्या नावाने ब्रोकरेज खातंही उघडता येत नाही. तो नाकारायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही, आणि त्यानंतर त्या माणसाच्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवावासा वाटला नाही.

तपासणी ढिली असते तिथे काय होतं, तेही उघड झालंय. जून २०२१ मध्ये फिन्राने रॉबिनहूडला ५.७ कोटी डॉलरचा दंड केला. त्यातल्या आरोपांत एक हाही होता की खाती मंजूर करणारे बॉट विसंगत माहितीवरही होकार देत होते, अगदी २१ वर्षांखालच्या आणि ऑप्शन्सचा तीन वर्षांहून जास्त अनुभव सांगणाऱ्या ग्राहकांनाही. कंपनीने आरोप मान्य किंवा अमान्य न करता प्रकरण मिटवलं.

तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं वेगळंच आहे. उद्या मोठा तोटा झाला आणि ‘हे माझ्यासाठी योग्य नव्हतं, परवानगी द्यायलाच नको होती’ अशी तक्रार घेऊन लवादाकडे गेलात, तर समोरचा वकील पहिल्यांदा तुमचाच फॉर्म टेबलावर ठेवेल.

पुण्यात असताना तीन वर्षं निफ्टीचे स्प्रेड करायचे. आता न्यू जर्सीत नोकरी आहे. तो अनुभव इथे धरतात का?

धरतात, लिहा. जुन्या ब्रोकरची स्टेटमेंट्स पीडीएफ करून ठेवा, वर्ष आणि सौद्यांची संख्या द्या. फक्त सोबत एक वाक्य हवंच, नाहीतर हाच अनुभव उलटा पडतो. निफ्टीचे ऑप्शन युरोपियन पद्धतीचे आणि रोखीत मिटणारे आहेत. तीन वर्षांत एकदाही कुणी मुदतीआधी तुमच्यावर शेअर ढकलले नसणार, कारण तिथे तसं घडूच शकत नाही. इथल्या एसपीवाय या फंडाच्या ऑप्शनवर ते घडतं. निफ्टीची सवय असलेल्या माणसाला इथे सगळ्यात जवळचं वाटेल ते एसपीएक्स इंडेक्सचं ऑप्शन: तेही युरोपियन, तेही रोखीत मिटणारं. पण तो इंडेक्स एसपीवायच्या साधारण दहापट असल्याने एकेक कॉन्ट्रॅक्ट बरंच मोठं असतं.

‘भारतात इंडेक्सवर अनुभव आहे, मुदतीआधीच्या असाइनमेंटचा नाही, म्हणून सुरुवात इंडेक्सच्या छोट्या स्प्रेडपासून करीन’ असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला कळेल की तुम्हाला दोन्ही बाजार माहीत आहेत.

निवृत्तीच्या आयआरए खात्यात स्प्रेड चालतात का?

काही ब्रोकर देतात, काही देत नाहीत. आयआरएमध्ये कर्ज काढता येत नाही, म्हणून देणारे ब्रोकर कमाल तोट्याइतकी रोकड बाजूला अडकवून ठेवतात आणि खात्यात किमान किती रक्कम हवी तेही स्वतः ठरवतात. वरच्या उदाहरणातले ९,५०० डॉलरचे शेअर अशा खात्यात आले आणि तेवढी रोकड नसेल, तर ब्रोकर ते लगेच विकायला लावतो. त्यामुळे इथे पत्रात मोकळ्या रोकडीचा आकडा सगळ्यात आधी लिहा.