अमेरिकेत दिवाळीचा फराळ आणि पूजेचं सामान पाठवताना काय चालतं, काय अडतं?

प्रश्न: मुलगी-जावई न्यू जर्सीत आहेत. घरी केलेला फराळ, लक्ष्मीपूजनाचं सामान, एक साडी आणि जावयांना कुर्ता असं एकाच खोक्यात पाठवायचं आहे. खव्याच्या करंज्या चालतील का? कस्टम ड्यूटी लागेल का? दुबईच्या भाच्यालाही यातलाच थोडा फराळ पाठवायचा आहे.

उत्तर:

खव्याच्या करंज्या पाठवू नका. भारतात गुराढोरांना लाळ्या-खुरकूत होतो, म्हणून इथल्या दुधाच्या पदार्थांवर अमेरिकेत निर्बंध आहेत. पेढे, बर्फी, खव्याचं सारण यांत येतं. शिवाय आठवडाभराच्या प्रवासात खवा टिकतही नाही. सुक्या खोबऱ्याचं सारण घातलेल्या करंज्या, बेसन लाडू, शंकरपाळे, चकल्या, चिवडा हे सहसा अडत नाही. रव्याचे लाडू करणार असाल तर ओलं खोबरं आणि मिल्क पावडर दोन्ही वगळा. तूप बरणीत भरून वेगळं पाठवू नका.

फराळ घरचा आहे, ही तुमची जमेची बाजू आहे. अमेरिकेत अन्नपदार्थ येण्याआधी तिथल्या एफडीए या अन्न-औषध प्रशासनाला प्रायर नोटिस, म्हणजे आगाऊ सूचना, द्यावी लागते. पण एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या घरी केलेला आणि दुसऱ्या व्यक्तीला भेट म्हणून पाठवलेला पदार्थ त्यातून वगळलेला आहे. त्यामुळे खोक्यावरच्या यादीत ‘होममेड, पर्सनल गिफ्ट, नॉट फॉर सेल’ हे शब्द हवेतच. दुकानाची भाकरवडी किंवा चिवड्याची पाकिटं त्याच खोक्यात टाकली की या पाकिटांसाठी नोटिसचा प्रश्न उभा राहतो. तेव्हा ती द्यायचीच असतील तर कुरिअरवाल्याला आधी सांगा आणि उत्पादकाचं नाव-पत्ता छापलेलं मूळ पाकीट फोडू नका.

यादीत नुसतं ‘स्वीट्स’ किंवा ‘दिवाळी फराळ’ लिहिलं की तपासणाऱ्याला काहीच कळत नाही आणि खोकं उघडलं जातं. प्रत्येक पदार्थ कशाचा आहे ते इंग्रजीत लिहा: बेसन लाडू म्हणजे भाजलेलं डाळीचं पीठ, साखर, तूप, चकली म्हणजे भाजणीचं तळलेलं खाणं. पुढे वजन आणि किंमत. हीच चिठ्ठी प्रत्येक डब्यावरही चिकटवा.

खरी गल्लत होते ती पूजेच्या सामानात, कारण ते आपल्याला निरुपद्रवी वाटतं. अक्षतांची पुडी हे त्याचं ठळक उदाहरण. धान्याला लागणारा खाप्रा भुंगेरा भारतात आहे आणि तो अमेरिकेत शिरू नये म्हणून अशा देशांतून खासगी पार्सलने तांदूळ आणायला मनाई आहे. अख्खे हरभरेही त्यातच येतात. कुंकू लावलेल्या मूठभर अक्षता झाल्या तरी त्या तांदूळच. लाह्यांचंही तसंच: साळीच्या लाह्या कितीही पाखडल्या तरी तळाशी टरफलासकट न फुटलेले दाणे राहतात, आणि तपासणाऱ्याची नजर नेमकी तिथे जाते. बेलाची पानं आणि कढीपत्ता लिंबाच्या कुळातले, म्हणून तिथल्या संत्र्या-लिंबांच्या बागांना रोग-किडीचा धोका नको यासाठी सक्त मनाई. आंब्याचे डहाळे, दूर्वा, तुळस, ताजी फुलं, केरसुणी हेही घालू नका. शेणाची गोवरी तर अजिबात नको. 2021 मध्ये वॉशिंग्टनच्या डलस विमानतळावर भारतातून आलेल्या बॅगेत गोवऱ्या सापडल्या, तेव्हा त्या तिथेच नष्ट करण्यात आल्या.

कापूर वेगळ्या कारणाने अडतो. तो ज्वालाग्राही घन पदार्थ म्हणून विमानाच्या मालात घेत नाहीत, आणि हे खोकं इथून निघण्याआधीच घडतं. काड्यापेटी, फुलबाज्या आणि अल्कोहोल असलेलं अत्तर यांचंही तेच. शेंदरात शिसं असतं, म्हणून तो नकोच. कुंकवातही शिसं निघाल्याची उदाहरणं आहेत, तेव्हा ते नाव-पत्ता छापलेल्या बंद डबीतलंच घ्या. रांगोळीची पांढरी भुकटी बिनलेबलाच्या पिशवीत पाठवली तर संशयाने खोकं फोडलं जाणारच. चांदीचं नाणं पोस्ट आणि बहुतेक कुरिअर नाकारतात. ते पुढच्या भेटीत हातात द्या.

मग पाठवायचं काय? लक्ष्मीचं चित्र, भाजलेल्या मातीच्या कोऱ्या पणत्या (माती चिकटलेली नको), कापसाच्या वाती, पितळी निरांजन, वस्त्रमाळा, छापील पोथी. तांदूळ, नारळ, विड्याची पानं, बत्तासे मुलीला एडिसनच्या ओक ट्री रोडवर मिळतील. अक्षता तिने तिथल्या तांदळाच्याच कराव्यात, पूजेत काही कमी पडत नाही.

आता ड्यूटी. 29 ऑगस्ट 2025 पासून 800 डॉलरपर्यंतची जुनी सरसकट सवलत बंद झाली. भेटवस्तूंची 100 डॉलरची सवलत वेगळी आहे आणि ती एका व्यक्तीला एका दिवसासाठी मिळते. समजा साडी 6,000 रुपयांची, कुर्ता 2,500 चा, फराळ आणि पूजेचं सामान 2,500 चं. डॉलर 90 रुपये धरला तर एकूण 122 डॉलर होतात, म्हणजे एकाच नावावर मर्यादा ओलांडली. पण एका खोक्यात दोघांच्या भेटी ठेवता येतात: साडी मुलीच्या नावाने, कुर्ता, फराळ आणि पूजेचं सामान जावयांच्या नावाने, दोन्ही वेगळे बांधून त्यावर नाव आणि किंमत, बाहेर ‘कन्सॉलिडेटेड गिफ्ट पॅकेज’ असं लिहून. मग एक 67 डॉलरचा आणि दुसरा 56 च्या आत बसतो. साडी दहा हजारांची असेल तर ती एकटीच मर्यादेबाहेर जाते, तिथे हा मार्ग नाही. किंमत कमी दाखवू नका. साडीवर किमतीचं लेबल राहिलं की सगळ्याच यादीवरचा विश्वास जातो. बुकिंगच्या वेळी एवढं विचाराच: गिफ्टची सवलत लावणार का, आणि ड्यूटी निघालीच तर ती आणि हाताळणीचा खर्च कोणाकडून घेणार? ओळखपत्राची प्रत बरोबर न्या.

चिवडा वजनाला हलका पण जागा खातो, आणि कुरिअर जागेचेही पैसे घेतं. साधारण हिशोब असा: लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले 5,000. 40 × 30 × 25 चं खोकं प्रत्यक्ष चार किलोचं असलं तरी सहा किलोचे पैसे लागतात. म्हणून चिवडा मर्यादित आणि लाडू जास्त ठेवा. पदार्थ रात्रभर पूर्ण गार होऊ द्या. कोमट चकली डब्यात गेली की वाफ धरते आणि मऊ पडते. चकल्या उभ्या रचून मध्ये टिश्यू भरा, डबा हलवल्यावर आवाज येता कामा नये. चिवड्यातले दाणे आणि खोबरं आधी खवट होतात, म्हणून ते ताजे घ्या आणि आठवड्याभरापूर्वी करून ठेवलेला चिवडा पाठवू नका.

दुबईचं खोकं मात्र वेगळं करा, आणि त्यात खसखस कणभरही नको. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली बंद आहे. सिंगापूरमध्येही तिच्यावर बंदी आहे. अनारशांवर ती दिसतेच, पण करंजीच्या सारणातली कोणाच्या लक्षात येत नाही. भाच्यासाठी अनारसे वगळा आणि करंज्यांचं सारण खसखशीशिवाय आधी, वेगळ्या कढईत आणि वेगळ्या चमच्याने करून घ्या. मुलीच्या करंज्या नंतर.