‘ण’ कुठं गेला?

नेदरलँड्समधून एका आईचं पत्र आलं आहे. पत्रात चार प्रश्न आहेत. मी पहिल्यावरच रेंगाळणार आहे, बाकीच्यांचं शेवटी बघू. त्या लिहितात:

‘अर्णव पुढच्या महिन्यात सहा वर्षांचा होतोय. इथे शाळेत मुलं नावाच्या अक्षरांवरून कविता करतात, ॲक्रॉस्टिक. तशी मराठीत करून कार्डावर लिहावी असं मनात आलं. मी लिहिली: ए म्हणजे अप्रतिम, आर म्हणजे राजबिंडा, एन म्हणजे नटखट, परत ए म्हणजे आनंदी, व्ही म्हणजे विजयी. सांगलीला सासूबाईंना फोटो पाठवला. त्यांनी वरून खाली वाचलं आणि विचारलं, “अ रा न आ वि… हे कोण गं?” मला फार वाईट वाटलं. ताई, माझं काय चुकलं?’

वाईट वाटून घेऊ नका. दिवसभर नोकरी, घर, मुलं सांभाळून रात्री मुलासाठी कविता लिहायला बसलात, यात सगळं आलं. पण चुकलं ते चुकलंच, आणि सासूबाई बरोबर होत्या. त्यांनी कविता मराठीत वाचली. तुम्ही ती इंग्रजी स्पेलिंगवर रचली होती.

हीच चूक मी केली होती. लेस्टरला येऊन आम्हाला तीन वर्षं झाली होती आणि माझा वरुण पाच वर्षांचा होत होता. मी व्ही, ए, आर, यू, एन अशी पाच अक्षरं मांडली आणि लिहिलं: वत्सल, आज्ञाधारक, रसिक, उद्योगी, नम्र. मोठ्या हौसेनं साताऱ्याला वडिलांना फोनवर वाचून दाखवलं. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बाळ, ‘ण’ कुठं गेला?”

तो प्रश्न मला अजून सोडत नाही. शाळेत तो ‘व्हारुन’ झाला होता, आणि आता घरच्या कार्डातही मी त्याचा ‘ण’ काढून ‘न’ बसवला होता. तुमच्या मुलालाही बाई ‘आर्नव’ म्हणत असतील. रोमन लिपीत ‘ण’ला वेगळी जागाच नाही, त्यात बाईंचा काय दोष? पण वाढदिवसाचं कार्ड आपल्या हातात असतं. तिथे तरी त्याचं नाव पुरतं उभं राहू द्या.

आता कागद घ्या आणि नाव देवनागरीत लिहून त्याचे चौकोन पाडा. अर्णव म्हणजे तीन चौकोन: अ, र्ण, व. मात्रा आणि अनुस्वार ज्याच्या डोक्यावर बसले त्याच्याच चौकोनात राहतात, आणि जोडाक्षर कितीही भरलेलं असलं तरी त्याचा चौकोन एकच. इथे एक फसगत होते. शाळेत मुलांना टाळ्या वाजवून शब्द फोडायला शिकवतात. अर्णव टाळ्यांवर फोडला तर दोनच तुकडे पडतात, ‘अर्’ आणि ‘णव’. उच्चार तसाच होतो, ते खरं आहे. पण वरून खाली वाचताना आपण डोळ्यांनी वाचतो, म्हणून लिहिलेलं अक्षर धरायचं.

मग प्रत्येक चौकोनाला विचारायचं, तुझ्यापासून शब्द सुरू होतो का? ‘अ’ला अडचण नाही, ‘व’ला नाही. ‘र्ण’पासून मात्र एकही शब्द सुरू होत नाही. ‘ण’ आणि ‘ळ’ यांची मराठीत तीच गत आहे, आणि डोक्यावर रफार असलेलं कुठलंही अक्षर शब्दाच्या आरंभी येत नाही. श्लोकचा ‘श्लो’, स्वराचा ‘स्व’, प्रणवचा ‘प्र’ चालतात. आर्याचा ‘र्या’ आणि अन्वीचा ‘न्वी’ अडतात. बहुतेक आईवडील इथेच हात टेकतात आणि मुकाट्यानं इंग्रजी स्पेलिंगकडे वळतात.

वडिलांनी मला यातून वाट दाखवली. फोननंतर पंधरा दिवसांनी त्यांचं कार्ड आलं. ‘व’ची ओळ ‘व’नं सुरू होत होती, ‘रु’ची ‘रु’नं, आणि तिसरी ओळ होती ‘सण आहे आज घरी’. त्यातला ‘स’ त्यांनी निळ्या शाईनं बारीक काढून समासात ढकलला होता, आणि ‘ण’ लाल शाईनं मोठा काढून बरोबर ‘रु’च्या खाली बसवला होता. वरून खाली बोट फिरवलं की वरुण. अवघड अक्षर शब्दात दुसरं येईल असा शब्द शोधायचा आणि त्याचं पहिलं अक्षर डावीकडे बाहेर काढायचं, एवढीच युक्ती. ‘ण’साठी सण, क्षण, कण, गुण, ऋण असे कितीतरी शब्द सापडतात. अक्षर शब्दात तिसरं आलं तर मात्र दोन अक्षरं समासात लोंबतात आणि स्तंभ दिसेनासा होतो. म्हणून तुमच्या ‘र्ण’साठी ‘सुवर्ण’ नको. पर्ण, कर्ण, वर्ण, पूर्ण यांतून निवडा.

शब्द कसा निवडायचा? अप्रतिम आणि विजयी हे जगातल्या कुठल्याही अर्णवला लागू पडतात. तुमचा अर्णव मला दिसला तो पत्राच्या शेवटच्या ओळीत: ‘पाऊस असला तरी सायकलच हवी, आणि प्रत्येक वळणावर घंटी वाजवलीच पाहिजे, समोर कोणी असो वा नसो.’ अहो, कविता तर तुम्ही लिहूनच पाठवली आहे! ती फक्त चौकोनांत बसवायची.

त्यासाठी अष्टाक्षरी घ्या. ओळीत आठ अक्षरं, जोडाक्षर एकच मोजायचं, ऱ्हस्व-दीर्घाचा हिशोब नाही, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचं यमक जुळवायचं. बोटांवर मोजता येते आणि आजीला पहिल्याच वाचनात चाल सापडते. नावाचे चौकोन तीन आणि ओळी चार, म्हणून चौथी ओळ मोकळी सोडायची.

पहिली ओळ ‘अ’ची: ‘अहो पावसात कोण’. मोजून बघा, आठ. दुसरीत ‘र्ण’ हवा आणि पाऊस तर चालूच आहे, म्हणून ‘पूर्ण भिजला तरीही’. इथे ‘पू’ समासात जाईल. तिसऱ्या ओळीत आधी मी ‘वाऱ्यासंगे सायकल’ असं लिहिलं होतं. अक्षरं आठच, पण ‘व’च्या जागी ‘वा’ आला. स्तंभ वाचला तर अर्णवा! ही मराठीची गंमत आहे. ‘अर्णवा’ म्हणजे हाकच की, आजी माजघरातून मारते तशी. मुद्दाम हाक मारायची असेल तर ‘वा’ खुशाल ठेवा. नकळत आलेला असेल तर मात्र दुरुस्त करा, कारण हीच ढिलाई आर्यामध्ये झाली की तिचा ‘आर्य’ होतो. मला घंटी सोडवेना, म्हणून मी वळण घेतलं:

अहो पावसात कोण
पूर्ण भिजला तरीही
वळणावर घंटीचा
नाद थांबतच नाही

ही ओळ न् ओळ तुमच्या पत्रातली आहे, मी फक्त मोजली. दुसरी ओळ एका अक्षराइतकी डावीकडे सरकवा म्हणजे ‘अ’च्या खाली ‘र्ण’ येईल आणि त्याच्याखाली ‘व’.

कार्ड हातानं लिहा. हे मी हट्टानं सांगते. टाइप करताना ‘र्ण’ वेगळा उठून दिसावा म्हणून लोक मध्ये जागा सोडतात, आणि चुकून ती ‘र्’ आणि ‘ण’ यांच्या मध्ये पडली की रफार उतरून पाय मोडलेला ‘र्’ उरतो. अक्षरांमधलं अंतर वाढवलं तर शिरोरेघ तुटून फणीच्या दातांसारखी दिसते. हातानं लिहिताना तीन लाल अक्षरं आधी एकाखाली एक काढून घ्या, उरलेल्या ओळी निळ्यानं भरा आणि शिरोरेघ सगळ्यात शेवटी द्या. ‘पू’ आणि ‘र्ण’ यांच्या मध्ये रेघ केसभर तुटकी ठेवलीत तर लाल अक्षर सुटं दिसेल आणि शब्दही मोडणार नाही.

‘त्याला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही,’ असं तुम्ही जरा अपराधी होऊन लिहिलंय. पूर्ण कविता त्याला वाचायला लावूच नका. त्याचं बोट धरून तीन लाल अक्षरांवरून खाली न्या आणि ‘र्ण’पाशी थांबा. जीभ मागे वळवून टाळूला लावायची, मग ‘ण’ निघतो. ‘न’ला ती दातांच्या मागे पुढेच टेकते. त्याला आरशासमोर तोंड उघडून दोन्ही म्हणायला सांगा, फरक त्याचा त्यालाच दिसेल. वरुणनं त्या कार्डावर आठवडाभर ‘ण’ गिरवला होता. पुढे शाळेतल्या बाईंना त्यानंच जीभ कशी वळवायची ते दाखवलं. आता तो मोठा झाला आहे, तरी सही करताना ‘ण’ची शेवटची दांडी जरा लांबच ओढतो.

वाचून झाल्यावर त्याला आणखी एक सांगा: अर्णव म्हणजे समुद्र. समुद्राला बांध घालणाऱ्या देशात राहतो, त्याला हे आवडेल.

आता उरलेले प्रश्न. तिथीनं की तारखेनं? सासूबाईंना तिथीनं हवा असेल तर त्या दिवशी घरी गोड करा, तारखेला मित्र बोलवा. यावर घरात वाद घालू नका. औक्षण की केक? सकाळी औक्षण, संध्याकाळी केक. परतभेटींचं मला विचारू नका, तिथल्या आयांना विचारा, त्यांना माहीत असतं.

आणि सासूबाईंना व्हिडिओवर घ्याल तेव्हा कविता त्यांनाच वाचू द्या, तुम्ही वाचू नका. पण मुलं यायच्या आधी. सांगलीचं घड्याळ उन्हाळ्यात तुमच्या साडेतीन तास पुढे असतं आणि हिवाळ्यात साडेचार. केक कापेपर्यंत थांबलात तर त्या पेंगुळलेल्या असतील आणि इकडे गोंगाटात ‘र्ण’ कोणालाच ऐकू येणार नाही.