‘लक्षच नसतं’ या तक्रारीआधी बाक बघा

“माझा मुलगा पाचवीत आहे. घरी अभ्यास करतो, गोष्टीची पुस्तकं तासभर वाचतो. पण शाळेतून दर महिन्याला तेच : वर्गात लक्ष नाही, शेजाऱ्याशी बोलतो, फळ्यावरचं अर्धवट उतरवतो. बाई म्हणतात, एडीएचडीची तपासणी करून घ्या. काय करू?”

ताई, तपासणीला ना नाही. पण एडीएचडीचं निदान करताना डॉक्टरही आधी हेच विचारतात, की ही लक्षणं एकाहून जास्त ठिकाणी दिसतात का? फक्त शाळेतच दिसत असतील तर शाळेतली ती जागा बघावी लागते. उलट, घरी ठीक आहे म्हणजे प्रश्नच नाही, असंही समजू नका. घरी तुम्ही शेजारी बसलेल्या असता, खोली शांत असते. चित्रकलेचा वर्ग, छोटी शिकवणी अशा दहाबारा मुलांच्या ठिकाणी तो कसा असतो, ते विचारा. मोबाइलवरचा खेळ या हिशोबात धरू नका, तिथे सगळ्यांचंच लक्ष लागतं.

अगदी अशाच तक्रारीचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. दुपारची शाळा, वर्गात छप्पन्न मुलं, दोघांच्या बाकावर तिघं. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक धरलाय, पण तो हिशोब शाळेच्या एकूण पटावर होतो, त्यामुळे एखादी तुकडी अशी फुगलेली सापडतेच. हा मुलगा उंच, म्हणून पहिलीपासून शेवटच्या बाकावर. डोळे आणि कान तपासून झाले होते, दोन्ही ठीक होते. (कानाची ऑडिओमेट्री आधीच करावी. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या पडद्यामागे पाणी साठतं आणि ऐकू येणं कमीजास्त होतं. पालकांना पत्ताही नसतो.)

मला सुगावा लागला तो त्याच्या शुद्धलेखनाच्या वहीत. बाईंनी सांगितलेला ‘काठ’ त्यानं ‘पाठ’ लिहिला होता, ‘थवा’चा ‘हवा’ आणि ‘खोड’चं ‘फोड’. काना-मात्रा सगळ्या बरोबर, चुकलं ते नेमकं पहिलं व्यंजन. ज्याचं शुद्धलेखनच कच्चं असतं तो ऱ्हस्व-दीर्घात आणि जोडाक्षरांत चुकतो, आणि शांत खोलीतही चुकतो. इथे तसं नव्हतं. स्वरांत जोर असतो, ते लांबवर पोचतात. क, प, ठ, थ यांचा आवाज क्षणभराचा आणि बारीक. पंख्याच्या घरघरीत पहिला बळी त्यांचाच जातो. तेच शब्द मी त्याला माझ्या खोलीत घातले, तर एकही चुकला नाही.

मग परवानगी काढून वर्गात गेले आणि दुपारी त्याच्याच बाकावर बसले. डोक्यावरच्या पंख्याचं बेअरिंग गेलेलं. खिडकीखाली मैदान, तिथे दुसऱ्या तुकडीचा पीटीचा तास. फरशी, उघड्या भिंती आणि सिमेंटचं छत, म्हणजे आवाज शोषणारं काहीच नाही. प्रत्येक शब्दाचा पडसाद पुढच्या शब्दावर चढत होता. मोबाइलमधल्या ॲपवर कोणी बोलत नसतानाही आकडा ५५ डेसिबलच्या वर होता. ॲपचा आकडा काटेकोर नसतो, पण पंखा बंद करून आणि चालू करून तुलना करायला पुरतो. जागतिक आरोग्य संघटनेनं शिकवताना वर्गात मागचा आवाज ३५ डेसिबलपर्यंतच असावा असं सुचवलंय. आपल्याकडे रस्त्याकडेच्या शाळेत ते जवळपास अशक्यच आहे. पण बाईंचा आवाज मागच्या गोंगाटाहून साधारण १५ डेसिबलनं वर हवा, हे लक्षात ठेवण्याजोगं. बाईंजवळ ६५ असलेला आवाज शेवटच्या बाकापर्यंत येताना उतरतो, आणि मग त्याच्यात आणि पंख्यात फारसा फरक उरत नाही.

बाईंचं म्हणणं होतं, “मी मागे उभी राहून पाहिलंय, मला तर ऐकू येतं.” येणारच. मोठ्यांना अर्धा शब्द पुरतो, उरलेला आपण सवयीनं भरून काढतो. दहा वर्षांच्या मुलाकडे तेवढा शब्दांचा साठा नसतो, आणि धड्यातला शब्द तर नवाच असतो. गाळलेलं जुळवण्यात त्याची शक्ती जाते, तासाभरात तो थकतो आणि खिडकीबाहेर बघायला लागतो. न्यूयॉर्कच्या एका शाळेत १९७५ साली हे दिसून आलं होतं. इमारतीची एक बाजू उन्नत रेल्वेमार्गाकडे होती. त्या बाजूच्या वर्गांतली मुलं वाचनात मागे होती, शांत बाजूची नव्हती. रुळांखाली रबर आणि वर्गात आवाज शोषणारं छत बसवल्यावर काही वर्षांत तो फरक नाहीसा झाला.

शेजाऱ्याशी बोलण्याचं कोडंही तिथेच सुटलं. दुपारी ऊन कलतं आणि फळ्याजवळच्या खिडकीतून उजेड तिरपा येतो. मागच्या कोपऱ्यातून फळ्याचा उजवा भाग पांढरा चकचकीत दिसत होता, अक्षर लागतच नव्हतं. पोरगा शेजाऱ्याला विचारून उतरवत होता. पुढे उभं राहून हे दिसत नाही, मुलाच्या उंचीवर डोळा आणावा लागतो.

शाळेला मी खर्चाचं काही सांगितलं नाही. पंख्याचं बेअरिंग बदललं. फळ्यालगतच्या त्या एकाच खिडकीला जाड पडदा लावला, बाकीच्या उघड्याच ठेवल्या, कारण एप्रिलमध्ये खिडक्या बंद करा म्हणणं हा मूर्खपणा आहे. बाकांच्या लोखंडी पायांना रबरी बुचं बसवली. शुद्धलेखन आणि नवा धडा पीटीच्या तासाच्या वेळी घ्यायचा नाही, असं ठरलं.

बसण्याच्या जागेवर मात्र जास्त बोलावं लागलं. शाळेत दर आठवड्याला जागा बदलत होत्या, पण आडव्या : खिडकीकडची रांग भिंतीकडे, भिंतीकडची मधे. त्यात शेवटचा बाक शेवटचाच राहतो. उंच मुलं मागे ठेवण्याचं कारण एकच, मागच्यांना फळा दिसावा. मग त्यांना भिंतीलगतच्या रांगेत पुढे बसवलं तर त्यांच्यामागे अडणारं फार कोणी नसतं. हा मुलगा तिथे दुसऱ्या बाकावर आला, बाकाच्या कडेला, म्हणजे शेजाऱ्याचं कोपर लागणं एका बाजूनं तरी थांबलं. अगदी पहिल्या बाकावर बसवू नका असं मी मुद्दाम सांगितलं. आपल्याकडे तिथे बसवणं ही शिक्षा वाटते, आणि भिंतीलगत पहिल्या बाकावरून फळा तिरका दिसतो.

एक सत्र संपेपर्यंत वह्या पूर्ण व्हायला लागल्या, व्यंजनांच्या चुका जवळपास गेल्या. शेवटच्या दोन तासांत मात्र तो अजूनही भरकटायचा, विशेषतः गणितात. ते जागेचं नव्हतं. त्याला भागाकार जमत नव्हता आणि मागच्या बाकावर तो खपून गेला होता. तिथे वेगळी मदत लागली.

तुम्ही घरी एक करून बघा. हॉलच्या एका टोकाला त्याला बसवा, पंखा पूर्ण वेगानं लावा, दुसऱ्या टोकाला पाठ करून उभ्या राहा आणि नेहमीच्या आवाजात दहा सुटे शब्द सांगा. वाक्यं नकोत, वाक्यावरून मुलं अंदाज बांधतात. मग पंखा बंद करून, समोर बसून तसेच दहा नवे शब्द द्या. दोन्ही कागदांत मोठा फरक असेल तर आधी कानाच्या डॉक्टरांकडे जा. कान ठीक निघाले तर ते कागद घेऊन बाईंना भेटा, आणि तो कुठल्या बाकावर बसतो ते विचारा. जागा बदलून महिनाभरानंही तक्रार तीच राहिली, किंवा चित्रकलेच्या वर्गातही तेच ऐकू आलं, तर तपासणी लांबवू नका.