निष्कर्ष आपण बदलतो आणि पर्याय चुकतो

प्रश्न: युक्तिवाद कमकुवत किंवा बळकट करणारा पर्याय निवडायच्या प्रश्नांत मी दोन पर्यायांपर्यंत बरोबर येतो आणि हमखास चुकीचा निवडतो. असं का होतं?

मी सोलापुरात संध्याकाळी आठ-दहा मुलांना रीझनिंग शिकवतो. तुमचा घोटाळा दर बॅचला दिसतो. मी स्वतः बनवलेलं एक उदाहरण घ्या:

‘एका टॉवेल कारखान्याने मार्चमध्ये दुपारची पाळी बंद करून पहाटेची सुरू केली. तेव्हापासून मागावर सूत तुटण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. म्हणजे पाळी बदलल्यामुळेच सूत कमी तुटू लागलं.’ हे कशाने कमकुवत होईल?

अ) पहाटे यायला बरेच कामगार नाराज आहेत.
ब) पहाटेच्या हवेत दुपारपेक्षा जास्त ओलावा असतो.
क) मार्चमध्येच कारखान्याने जास्त मजबूत सूत घ्यायला सुरुवात केली.
ड) काही कारखान्यांत दुपारीही सूत फारसं तुटत नाही.

एका मुलीने लगेच ‘अ’ म्हटलं. तिचे वडील मागावर आहेत. “सर, चारला उठून जावं लागतं, मालकाचं काय जातंय!” बरोबरच आहे तिचं. पण पहाटेची पाळी चांगली की वाईट, हे युक्तिवादात कुठे आलंय? तिथे फक्त सूत कमी का तुटलं एवढंच आहे. ‘म्हणून पहाटेची पाळी ठेवावी’ हे वाक्य तिने मनातच जोडलं आणि त्यालाच विरोध केला. म्हणून मी पर्याय वाचण्याआधी निष्कर्ष कच्च्या कागदावर लिहायला लावतो, तोही प्रश्नातल्याच शब्दांत.

‘ब’ला हुशार मुलं फसतात. त्यांना वाटतं, खरं कारण ओलावा निघालं, पाळी नव्हे. पण कोरड्या हवेत सुती धागा जास्त तुटतो, आणि ओलावा मिळाला तो पाळी पहाटे नेल्यामुळेच. म्हणजे कारणापासून परिणामापर्यंतची मधली पायरी ‘ब’ने दाखवली. त्याने युक्तिवाद उलट बळकट होतो. वेगळं कारण आणि मधली पायरी यांत गल्लत झाली की उत्तर बरोबर उलटं येतं.

‘ड’मधल्या कारखान्यांत सूत जाड असेल, हवेत पाणी फवारत असतील. त्यावरून या कारखान्याबद्दल काही ठरत नाही.

राहिला ‘क’. मुलं तो सोडतात, कारण त्याने दावा खोटा ठरत नाही. ठरायची गरजही नसते. पर्याय खरा मानायचा आणि निष्कर्षावरचा भरवसा घटतो का, एवढंच पाहायचं. इथे पाळीशी संबंध नसलेलं दुसरं कारण त्याच महिन्यात आलं, त्यामुळे भरवसा घटला.

प्रश्न ‘बळकट करणारा’ असता, तर ‘ब’पेक्षाही वजनदार पर्याय मी असा लिहिला असता: ‘मेमध्ये महिनाभर पाळी पुन्हा दुपारी नेली, सूत आणि माग तेच, तरी तुटण्याचं प्रमाण पुन्हा वाढलं.’