गोदावरीवर पहिला माहितीपट करताय? आधी हे वाचा

दहा मिनिटांच्या फिल्ममध्ये अख्खी गोदावरी बसत नाही. नाशिकमधला पाणवेलीचा एकच पट्टा घ्या.

नवखे लोक हमखास चुकतात ते इथे: सात-आठ मिनिटं हिरवी साय, मेलेले मासे, वर उदास बासरी, आणि शेवटी ‘आपण सर्वांनी जागं व्हायला हवं’. बघणारा हळहळतो आणि उठून जातो, कारण करायचं काय हे त्याला कळलेलंच नसतं. म्हणून घाण दोन मिनिटांत दाखवा, मग कॅमेरा घेऊन काठाने वर चाला. पाणवेल सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसते. नाला नदीला मिळतो तो कोपरा, पाण्याचा बदललेला रंग, फेस, हे जवळून टिपा. कारण दिसलं की उपायही समजतो: वेल काढणं हे तात्पुरतं, नाला शुद्धीकरण केंद्राकडे वळवणं हे खरं काम.

उरलेला निम्मा वेळ त्या कामाला द्या. कोण करतं, कुठे अडलंय, पुढची तारीख काय. अडलेलंही दाखवा, नुसतं गोड चित्र नाशिककर दोन मिनिटांत ओळखतो.

एक सापळा सांभाळा. पुरात वेल वाहून जाते आणि सप्टेंबरात नदी स्वच्छ दिसते. ते ‘यश’ म्हणून दाखवू नका. एकाच पुलावरून, त्याच चौकटीत मे, सप्टेंबर आणि जानेवारीत शूट करा. जानेवारीतही पाणी मोकळं असेल, तरच नाल्याच्या कामाबद्दल काही बोलता येईल, तेही पाण्याचा तपासणी अहवाल हातात घेऊन.

घाटावर कॉलर माइक वापरा. ड्रोनचं नंतर बघू.